ट्रॅकिंग म्हणतं ‘घरी कोणी नव्हतं’, आणि तुम्ही तर घरीच होता

प्रश्न: डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. पुण्याहून आईसाठी बीपी मोजायचं मशीन मागवलं, पैसे आधीच भरलेत. मंगळवारी रात्री 11:50 ला पुण्याहून निघालं, बुधवारभर नुसतं In Transit. गुरुवारी पहाटे 5:20 ला गोवा हब, दुपारी 4:15 ला डिचोली शाखा. शुक्रवारी सकाळी 9:12 Out for Delivery, रात्री 7:48 Delivery Attempted - Customer not available. आज शनिवारी सकाळी 9:05 परत Out for Delivery, रात्री 7:51 परत तेच. दोन्ही दिवस मी घरात, एकही फोन नाही. पार्सल आहे कुठे? आणि हे लोक खोटं का लिहितात?

उत्तर:

तुमचं पार्सल बहुतेक डिचोलीच्या शाखेतच पडून आहे. सोमवारी सकाळी नऊच्या आत हालचाल केली नाहीत, तर मंगळवार-बुधवारी ते पुण्याच्या वाटेला लागलेलं दिसेल. म्हणून खोटं कोण बोललं याचा वाद तूर्त बाजूला ठेवा. तो सोडवता येतो, पण मशीन हातात पडल्यावर.

मी फोंड्यात कुरियरची शाखा चालवतो. त्याआधी बरीच वर्षं हबमध्ये रात्रपाळीला गोण्या लावायचं काम केलं, म्हणजे तुम्ही फोनवर जे वाचता ते लिहिणाऱ्यांपैकी मी एक. प्रत्येक कंपनीचे शब्द थोडे वेगळे असतात. कुणाकडे Out for Delivery लाच Dispatched म्हणतात, कुणाकडे Delivery Attempted च्या जागी Undelivered येतं. किती वेळा प्रयत्न करायचा, मग किती दिवस थांबायचं, हे विक्रेत्याने कंपनीशी काय ठरवलंय त्यावर जातं. पण आतली पद्धत सगळीकडे जवळपास एकच आहे, आणि ती कळली की शब्द कुठलाही असो, अर्थ लागतो.

मुळात ट्रॅकिंग म्हणजे पार्सल आत्ता कुठे आहे याचा नकाशा नव्हे. कुणीतरी कुठेतरी बारकोडवर स्कॅनर मारला किंवा मोबाईलमध्ये एक बटण दाबलं, त्याची ती नोंद. दोन नोंदींच्या मधे काय झालं ते यंत्रणेला ठाऊकच नसतं. त्यामुळे प्रत्येक ओळ वाचताना विचारायचं एवढंच, की हे बटण कुणी दाबलं, कुठे बसून दाबलं, आणि त्या वेळी त्याला काय उरकायचं होतं.

आधी तुमचा बुधवार घेऊ, कारण घाबरून फोन येतात ते जास्त करून याच टप्प्यावर. पुण्याच्या हबमध्ये गोव्याची पार्सलं एका गोणीत भरतात, गोणीला सील लावतात आणि तिचा स्वतःचा वेगळा बारकोड असतो. गोणी बंद झाली की पुढे तुमचं पार्सल कोणी स्कॅन करत नाही, गोणी स्कॅन होते आणि आतल्या सगळ्या पार्सलांवर तीच नोंद आपोआप चढते. रेल्वेचा डबा मडगावला लागला म्हणजे आतला प्रत्येक प्रवासी मडगावला पोचला असं धरून चालावं, तसं. 11:50 ला निघालं म्हणजे बहुधा गोणी बंद झाली. गाडी त्यानंतर तासाने सुटते, कधी भरती पुरी व्हायला सकाळ उजाडते. पुणे ते गोवा साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मधे कोल्हापूरला किंवा बेळगावला माल उतरवायचा-चढवायचा असेल तर तिथे तास जातात, आणि पावसात घाटात एखादं झाड आडवं झालं की पुढचं सांगायलाच नको. या सगळ्यात स्कॅन करायला कोणी नसतं, म्हणून तुमच्याकडे ओळ येत नाही. पुण्याच्या पार्सलाला एक दिवसाची शांतता हे निरोगी लक्षण आहे.

In Transit मध्ये काळजीची खूण वेगळी असते. निरोगी ट्रॅकिंगमध्ये ओळी जोडीने येतात. अमुक हबातून निघालं, तमुक हबात पोचलं, तिथून निघालं, पुढे पोचलं. निघाल्याची ओळ आहे आणि दोन-तीन दिवस पोचल्याची ओळ नाही, तर गाडी अडकलीय किंवा गोणी चुकीच्या गाडीत गेलीय. गोणी पोचल्याची ओळ आहे पण त्यानंतर तुमच्या शाखेची ओळ तीन दिवस येत नाही, तर प्रकरण जास्त बिकट. कारण हबमध्ये गोणी फोडून एकेक पार्सल स्कॅन होतं तेव्हाच कळतं की गोणीच्या यादीतलं एखादं आत नाहीच. ते पुण्यालाच कोपऱ्यात राहिलेलं असू शकतं, आणि ट्रॅकिंग मात्र इतके दिवस त्याला गोव्याला पोचवून मोकळं झालेलं असतं. अशा वेळी तक्रारीत ‘उशीर झाला’ लिहू नका. ‘गोवा हबला गोणी आल्यावर पार्सलचा स्वतंत्र स्कॅन झालाय का, ते तपासा’ असं लिहा. पहिल्याला छापील उत्तर मिळतं, दुसऱ्यासाठी कुणाला तरी उठून बघावं लागतं.

मधेच बंगळूर किंवा हुबळी दिसलं म्हणूनही दचकू नका. दिल्लीचा माल त्या बाजूनेही गोव्यात येतो. पार्सल गोव्यात पोचून पुन्हा गोव्याबाहेर निघालं, तर मात्र वाट चुकली. त्याचं कारण जवळजवळ नेहमी पिनकोड असतो, कारण छाटणी पिनवर होते, गावाच्या नावावर नाही. 403 म्हणजे गोवा. घाईत 413 पडलं की पार्सल सोलापूरच्या अंगाला गेलं. गोव्यातल्या गोव्यातही गोंधळ होतोच. केरी फोंड्यात आहे, सत्तरीत आहे आणि पेडण्यातही आहे. पिन चुकला तर पोर उन्हापावसात भलत्याच केरीत जाऊन तुमचं घर विचारत फिरतं, आणि परत येऊन पत्ता सापडला नाही म्हणून लिहितं. ते खोटं नसतं.

तुमचं गुरुवारपर्यंतचं सगळं ठीक आहे. पहाटे हब, दुपारी शाखा. दुपारी 4:15 ला आलेलं पार्सल त्या दिवशी निघत नाही, कारण त्या दिवसाच्या याद्या सकाळीच बाहेर पडलेल्या असतात. घोळ शुक्रवारी सकाळी 9:12 ला सुरू होतो.

Out for Delivery बद्दल लोकांची समजूत अशी की पोरगा पार्सल घेऊन निघाला. शाखेत प्रत्यक्ष होतं ते असं. सकाळी टेबलावर पार्सलांचा ढीग असतो. भागाप्रमाणे वाटे पडतात, प्रत्येक पोराच्या नावाने त्याची पार्सलं एकामागून एक स्कॅन होतात, आणि यादी बंद केली की त्यातल्या सगळ्या पार्सलांवर एकाच मिनिटाला Out for Delivery येतं. ती वेळ यादी बंद झाल्याची. पोरगा त्यानंतर पार्सलं रचतो, मोठं खोकं पिशवीत बसत नाही म्हणून कुरकुरतो, चहा मारतो आणि मग निघतो. एका यादीत पन्नास-साठ पार्सलं सहज असतात. बाजारातली आधी होतात, कारण तिथे एका गल्लीत दहा पार्सलं सुटतात. वाड्यावरची शेवटी. म्हणून 9:12 ला Out for Delivery दिसलं तरी गावात दुपारनंतरच वाट बघावी.

आणखी एक गोष्ट बाहेर कुणी सांगत नाही. यादीत नाव असलं म्हणजे पार्सल गाडीवर चढलंच असं नाही. माल शाखेत आला की ठराविक वेळेत तो निदान एकदा तरी बाहेर काढलेला दिसावा, असा वरून दट्ट्या असतो. त्या भागाचा पोरगा रजेवर असेल किंवा माणूस कमी असेल, तर ती पार्सलं दुसऱ्याच्या यादीत घालतात. त्याला आणि शाखेला, दोघांनाही माहीत असतं की यातली सगळी होणार नाहीत. काही खोकी कोपऱ्यातच राहतात. चवथीच्या आधीच्या आठवड्यात हे रोजचं असतं, कारण माल दुप्पट येतो आणि निम्मी पोरं गावी जायच्या तयारीत असतात.

मग येते संध्याकाळ. पोरगा परत शाखेत येतो. मोबाईलमधल्या यादीत काही पार्सलं हिरवी, म्हणजे दिलेली, आणि बाकीची उघडी. उघडी यादी ठेवून घरी जाता येत नाही. प्रत्येक उघड्या पार्सलावर बोट ठेवलं की कारणांची यादी खाली उतरते. ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता अपुरा, ग्राहकाने दुसरी तारीख सांगितली, ग्राहकाने नाकारलं, पैसे तयार नव्हते, आत सोडलं नाही. त्यात ‘मला वेळ पुरला नाही’ असं कारण कुठेच नसतं, आणि असलंच तर ते शाखेच्या खात्यात वाईट म्हणून जातं. टेबलामागून कुणीतरी ओरडत असतो, क्लोज कर, क्लोज कर. पोरगा पहिलं कारण निवडतो आणि तेच पुढच्या आठ-दहा पार्सलांवर मारतो. Delivery Attempted - Customer not available. त्याच क्षणी तुम्हाला मेसेज येतो. तुम्ही चिडता, कारण तुम्हाला वाटतं हे तुमच्याबद्दल लिहिलंय. त्याच्या लेखी त्याने फक्त यादी मिटवली.

याचं समर्थन करत नाही. माझ्या शाखेत हे पकडलं तर मी ओरडतो. पण कारण कळलं तर खरा प्रयत्न आणि कागदी प्रयत्न वेगळा काढता येतो.

खऱ्या प्रयत्नाची वेळ दिवसातली असते आणि वेडीवाकडी असते. 11:37, 1:52, 4:26. तुमच्या आजूबाजूच्या घरांत त्याच सुमाराला कुणाचं तरी पार्सल आलेलं असतं. फोन आलेला असतो. आमच्याकडे दुकानदारांची पार्सलं यात हटकून सापडतात. दुपारी दोनला पोरगा पोचतो, दुकानाचं शटर खाली, मालक जेवून पडलेला, फोन बंद. नोंद पडते 2:05, ग्राहक उपलब्ध नाही. मालक संध्याकाळी येऊन भांडतो की मी रोज दुकानात असतो. असता हो, पण दुपारी एक ते चार नसता. त्याला मी सांगतो, पत्त्यातच लिहा की दुपारी शेजारच्या घरी द्या.

कागदी प्रयत्नाची वेळ संध्याकाळची, आणि दोन दिवस लागोपाठ जवळजवळ तीच. तुमचं 7:48 आणि 7:51. दोन वेगळ्या दिवशी माणूस खरोखर तुमच्या दारात आला असता तर दोन वेळांत फक्त तीन मिनिटांचाच फरक राहिला नसता. ती वेळ शाखेत यादी मिटवायची आहे. शिवाय तुमच्या ट्रॅकिंगमध्ये शुक्रवारी रात्री पार्सल शाखेत परत आल्याची ओळ तुम्ही लिहिलेली नाही. कंपनी अशी ओळ दाखवत असेल आणि ती खरंच नसेल, तर पार्सल बाहेर गेलंच नव्हतं हा संशय बळावतो, कारण न गेलेल्या मालाला परत आल्याचा स्कॅन कोण मारणार?

तरी वेळ हा एकटा पुरावा धरू नका. डिचोली-सत्तरीकडच्या किती वाड्यांवर मोबाईलला रेंज नसते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पोराने दुपारी दारात बटण दाबलं तरी नोंद फोनमध्येच साठून राहते आणि रेंज मिळाली की वर जाते. काही कंपन्यांत बटण दाबल्याची वेळ दिसते, काहींत नोंद वर पोचल्याची. म्हणजे रात्री 7:48 ची नोंद कधी कधी दुपारी तीनच्या खऱ्या फेरीचीही असू शकते. आणि फोनचं म्हणाल तर एकदा तुमच्या मोबाईलची ब्लॉक आणि स्पॅमची यादी उघडून बघा. पोरं स्वतःच्या नंबरवरून फोन करत नाहीत, ॲपमधून करतात. तुम्हाला अनोळखी, कधी भलत्याच शहराचा वाटेल असा नंबर दिसतो, आणि पुष्कळ फोन तो न वाजवताच गिळून टाकतात. तो फोन सापडला तर तुमचं म्हणणं लंगडं पडतं. नाही सापडला तर तुमची बाजू भक्कम, कारण ॲपमधून केलेल्या फोनची नोंद कंपनीकडे असते. बटण दाबलं तेव्हा पोरगा कुठे होता तेही बहुतेक ॲप टिपून ठेवतात. तक्रारीत याच दोन गोष्टी मागायच्या: प्रयत्नाच्या वेळचं लोकेशन आणि कॉलची नोंद. त्या मागितल्या की शाखेला कळतं समोरच्याला आतलं माहीत आहे, आणि पार्सल दुसऱ्या दिवशी अचानक गाडीवर चढतं.

आता वेळेचा हिशेब. Delivery Attempted ची प्रत्येक नोंद मोजली जाते. पुष्कळ कंपन्यांत तीन प्रयत्न झाले की माल विक्रेत्याकडे परत फिरतो, ट्रॅकिंगवर RTO दिसतं. कागदी प्रयत्नसुद्धा या मोजणीत धरला जातो, हा खरा धोका. तुमचे दोन झाले. सोमवारी तिसरा तसाच पडला तर तुमच्या नावावर ‘तीनदा गेलो, माणूस सापडला नाही’ असं लागून मशीन परत. कारणाच्या शब्दाकडेही बघा. ‘उपलब्ध नाही’ हे त्यातल्या त्यात सौम्य, त्याला पुढची संधी असते. ‘ग्राहकाने नाकारलं’ पडलं तर बऱ्याच ठिकाणी दुसरा प्रयत्न न होता माल सरळ परत जातो, म्हणून ते दिसलं तर त्याच तासाला विक्रेत्याला कळवायचं. यावर उपाय म्हणून कंपन्यांनी नाकारण्यालाही ओटीपी ठेवलाय. म्हणून फोनवर कुणी ओटीपी मागितला तर मेसेज पूर्ण वाचा. तो पार्सल मिळाल्याचा आहे की रद्द केल्याचा, ते त्यातच लिहिलेलं असतं. पार्सल हातात नसताना दोन्हीपैकी कुठलाच देऊ नका.

आज रात्रीच तीन गोष्टी करा, याच क्रमाने.

पहिली म्हणजे विक्रेत्याला लिहा. लोक कुरियरच्या ग्राहक सेवेला तासभर फोन लावून बसतात आणि विक्रेत्याला विसरतात. कुरियरला पैसे विक्रेता देतो, आमच्या लेखी ग्राहक तो. न दिलेल्या प्रत्येक पार्सलाची नोंद त्याच रात्री त्याच्या पॅनलवर येते आणि पुन्हा पाठवा की परत आणा, हे त्याने तिथे निवडायचं असतं. त्याने काहीच निवडलं नाही तर मोजणी पुढे सरकते. त्याला कळवा की पार्सल हवंय, पुन्हा प्रयत्न नोंदवा, हा दुसरा फोन नंबर जोडा, आणि शुक्रवार-शनिवारच्या प्रयत्नांचं लोकेशन व कॉलची नोंद कंपनीकडून मागवा. एअरवे बिल नंबर, म्हणजे ट्रॅकिंगचाच नंबर, पहिल्या ओळीत लिहा.

दुसरी, पत्त्याला पुस्ती जोडा. आपल्याकडे पंचायतीचा घर नंबर ओळीने जात नाही, 112 च्या शेजारी 47 असतो, आणि आजकाल पोरगा कधी कधी बाहेरच्या राज्यातला, आठवड्यापूर्वी रुजू झालेला. त्याला नंबरचा उपयोग शून्य. ‘अमुक बसस्टॉपवरून देवळाच्या रस्त्याने आत, पिठाच्या गिरणीसमोर, तमुक नावाने ओळखतात ते घर’ असं हवं. आणि ही खूण पत्त्याच्या सुरुवातीला घाला. लांब पत्त्याची शेपूट लेबलवर छापताना तुटते, आणि आपण महत्त्वाचं नेमकं शेवटी लिहितो. सापडायला कठीण घरं यादीत आपोआप शेवटाला ढकलली जातात आणि शेवटची घरंच कागदी प्रयत्नात बळी पडतात. तुमच्या बाबतीत पत्ता किती स्पष्ट आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे सांगून ठेवतो.

तिसरी, सोमवारी स्वतः शाखेत जा, पण वेळ साधून. दहा-अकराला गेलात तर हात हलवत परत याल, कारण यादी बंद झाली की पार्सल पोराच्या नावावर असतं. खोकं समोर दिसत असलं तरी शाखेवाला ते यादीतून सोडवल्याशिवाय तुम्हाला देऊ शकत नाही. सकाळी शाखा उघडताना, यादी लागायच्या आधी पोचा. साडेआठला गेलेलं बरं. सांगा की हे पार्सल आज यादीत घालू नका, मी घेऊन जातो. आधार किंवा तसं ओळखपत्र, ट्रॅकिंग नंबर आणि ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो सोबत न्या. रोखीचं पार्सल असतं तर सुटे पैसेही लागले असते. काही कंपन्यांत शाखेतून घ्यायची मुभा नसते किंवा विक्रेत्याची संमती लागते. तसं म्हणाले तर निदान एवढं पदरात पाडून घ्या की कोणता पोरगा येणार आहे आणि त्याचा नंबर काय. हे विचारताना भांडू नका. पार्सल शोधून देणारा माणूस तोच असतो.

शाखेत गेल्यावर खोकं तिथेच निघालं, तर तुमचा दुसरा प्रश्नही तिथल्या तिथे सुटतो. त्याचा एक फोटो काढून ठेवा, लेबल दिसेल असा.

पोस्टाचं सांगून ठेवतो, कारण हे सगळं ऐकून लोक स्पीड पोस्टलाही हाच नियम लावतात. पोस्टाचा नंबर 13 अक्षरी, दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी IN. तिथे Door Locked दिसलं तर वस्तू पोस्टात परत येऊन साधारण आठवडाभर थांबते, आणि ओळखपत्र दाखवून तुम्ही ती घेऊ शकता. शिवाय गावचा पोस्टमन तुम्हाला नावाने ओळखतो. तिथे निघायची घाई कमी, पण Item Dispatched आणि Item Received च्या मधली शांतता जास्त लांब.

दोन दिवस चाललेल्या या प्रकारात आणखी एक मेसेज तुम्हाला येऊ शकतो. ‘पत्ता अपुरा असल्याने डिलिव्हरी झाली नाही, खालील लिंकवर पत्ता दुरुस्त करा’, आणि आत गेलं की पाच-पंचवीस रुपये भरायला सांगतात. पार्सलची वाट बघणारा माणूस त्यावर पटकन बोट ठेवतो, म्हणूनच तो पाठवतात. पैसे आधी भरलेल्या पार्सलाला पुन्हा प्रयत्न करायला देशातलं कुरियर असं मेसेजमधून सुटे रुपये मागत नाही. काही बदलायचं असेल तर विक्रेत्याच्या ॲपमधून किंवा कंपनीचं संकेतस्थळ स्वतः टाईप करून जा. तसंच *401* ने सुरू होणारा काही क्रमांक डायल करा असं कुणी ‘डिलिव्हरी बॉय’ सांगत असेल तर फोन ठेवा. त्याने तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळू शकतात, म्हणजे फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीही त्याच्याकडे. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनला फोन करा.

आणि सोमवारी काहीच जमलं नाही, ट्रॅकिंगवर RTO Initiated आलं, तरी त्या संध्याकाळपर्यंत हातात थोडा वेळ असतो. ती ओळ म्हणजे संगणकात निर्णय झाला. पार्सल परतीच्या गोणीत जाऊन सील पडेपर्यंत शाखेतच असतं, आणि तोवर विक्रेत्याने कंपनीला कळवलं तर काही वेळा ते थांबवता येतं. गोवा हबातून निघाल्याची ओळ आली की सोडून द्या. मग ते पुण्याला पोचेपर्यंत कुणाच्या हातात काही नसतं. विक्रेत्याला दुसरं मशीन पाठवायला सांगा किंवा पैसे परत मागा. माल परत पोचल्यावर बघू म्हणून टोलवाटोलवी करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915. तिथे तक्रार विक्रेत्याविरुद्ध करायची, आणि जोडीला 7:48 व 7:51 चे दोन स्क्रीनशॉट लावायचे. ते आत्ताच काढून ठेवा, कारण RTO पूर्ण झाल्यावर काही कंपन्यांच्या पानावर जुन्या ओळी दिसत नाहीत.